मावशी गप्प होती तेव्हा

पत्र मावशीने दाखवलं नव्हतं. चार घड्या घालून तिने ते चष्म्याच्या डबीखाली सारलं होतं. "बारके, माझा चष्मा आण गं आतून," असं तिने स्वतःच सांगितलं नसतं, तर ते तिथंच पडून राहिलं असतं. डबी उचलली तशी घडी उलगडली आणि संस्थेचं निळं चिन्ह दिसलं. दुसऱ्याचं पत्र वाचू नये हे बारकीला लहानपणी शिकवलं होतं, आणि तेही याच मावशीने. पण त्या निळ्या चिन्हाच्या इमारतीत बारकी रोज आठ तास बसत असे. तिने वाचलं.

'आपल्या पाठांमध्ये वैयक्तिक वाहिनीचा वारंवार प्रचार आढळला असून, धोक्याच्या लक्षणांबाबतचा आशय अत्यल्प आहे. सबब आपले एकेचाळीस व्हिडिओ तूर्त यादीतून काढण्यात येत आहेत. प्रत्यक्ष वर्गही पुढील सूचनेपर्यंत स्थगित राहील.'

तारीख दोन महिन्यांपूर्वीची होती. आणि इतके दिवस मावशी 'सध्या सुट्टी घेतलीय' एवढंच सांगत होती.

स्वयंपाकघरातून मावशीचा आवाज येत होता. भाजी निवडता निवडता ती काहीतरी म्हणत होती. गात नव्हती, म्हणत होती. "बाळ. दूध. ओढत. नसल्यास." एकेक शब्द सुटा करून, टेबलावर गोट्या मांडाव्यात तसा. बारकी दारातच थबकली. जन्मात तिने मावशीला असं बोलताना ऐकलं नव्हतं. मावशी दूधवाल्यालासुद्धा चालीवर हाक मारायची.

"हे काय गं चाललंय?"

"काही नाही. सराव." मावशीने देठ मोडला. "आपलं बोलणं स्पष्ट नको का? वय झालं की जीभ जड होते. सापडला का चष्मा?"

"सापडला," बारकी म्हणाली. पत्राबद्दल ती बोलली नाही. मावशीही बोलली नाही. दोघी भाजी निवडत बसल्या. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो त्या दिवशी भर सकाळी त्या ओट्यावर पसरला होता. कारण मावशीच्या पत्रातलं वाक्य जिथून आलं होतं, तो तक्ता बारकीनेच केला होता. सहावं पान. खालून तिसरी ओळ.

आता हे प्रकरण मुळातून सांगायला हवं.

ती संस्था बाळंतिणींच्या घरी जाऊन आई-बाळाला तपासणाऱ्या सेविकांना शिकवते. शिकवणाऱ्या बारा जणी, त्यांचे साडेतीनशेच्या आसपास व्हिडिओ, आणि ते पाहायला सेविकांच्या फोनवर एक ॲप. सेविका कुणाच्या तरी दारात उभी असते, बाळ मांडीवर असतं, तिला दोन मिनिटांत उत्तर हवं असतं. ती ॲपमध्ये 'ताप' किंवा 'झटके' असं टाकते आणि समोर येईल तो पाठ बघते. कुठला पाठ समोर यावा, हे यापुढे त्या पाठात कोणते शब्द किती वेळा आलेत त्यावर ठरणार होतं. साडेतीनशे व्हिडिओ माणसाने ऐकून शब्द मोजायचे म्हटले तर वर्ष जाईल. म्हणून यंत्राने बोलण्याचा मजकूर उतरवायचा आणि त्या मजकुरातले कीवर्ड मोजायचे, असं ठरलं. मोजणारी होती बारकी. घरी बारकी, ऑफिसात आकडेताई.

तिने ते काम मन लावून केलं होतं, हे देवासमोरही सांगता येईल. मराठीत शब्द एका जागी गप्प उभा राहतो कुठे? झटका, झटके, झटक्यांनी, झटक्यामुळे... यंत्राच्या हिशेबी हे चार निराळे शब्द. ते सगळे एका मुळाखाली आणायला तिने तीन आठवडे घालवले. 'रक्तस्राव' कुठे जोडून उतरला होता, कुठे तोडून, कुठे 'श्राव' होऊन. तिने सगळी भावंडं एका घरात आणली. कुणी 'ब्लीडिंग' म्हणालं, कुणी 'अंगावरून जास्त जातंय' म्हणालं, तेही त्यात घेतलं. आणि यंत्राचा भरवसा नको म्हणून तिने एक नियम केला: प्रत्येक शिक्षिकेचे तीन व्हिडिओ स्वतःच्या कानाने ऐकायचे आणि उतरलेल्या मजकुराशी ताडून पाहायचे.

प्रत्येक शिक्षिकेचे. फक्त एक सोडून.

बारावी शिक्षिका म्हणजे तिची सख्खी मावशी, संस्थेत जिला सगळे 'गाणंबाई' म्हणत. बाळंतपणाच्या दवाखान्यात तीस वर्षं परिचारिका होती, निवृत्त झाल्यावर इथे शिकवायला आली. आई आजारी असायची त्या वर्षांत बारकी हिच्याच हाताखाली वाढलेली. ऑफिसात ती मावशीला 'बाई, तुम्ही' म्हणायची आणि मावशी गालात हसून 'बोला ताई' म्हणायची. ही थट्टा दोघींचीच होती. पण गंमत वेगळी आणि अहवाल वेगळा. मावशीचे पाठ आपणच ऐकायचे, आपणच दुरुस्त करायचे, आणि मग त्यांना चांगला आकडा मिळाला तर लोक काय म्हणतील? घरच्यासाठी दुरुस्ती आणि परक्यांसाठी यंत्र? म्हणून तिने मावशीच्या मजकुराला हात लावला नाही. जसा उतरला तसा मोजला. हे आपण फार सचोटीने केलं असं तिला तेव्हा वाटलं होतं. माणूस पाप करताना पाप म्हणून थोडंच करतो, बहुतेक वेळा पुण्य म्हणूनच करतो.

आणि मग अहवालाच्या पहिल्या पानावर तिने लिहिलं: 'प्रत्येक शिक्षिकेचे तीन व्हिडिओ प्रत्यक्ष ऐकून पडताळले आहेत.' अकरा जणींचे, असं लिहिलं तर बारावी कोण, हा प्रश्न आला असता. शिवाय मावशीचे पाठ तर ती लहानपणापासून ऐकतच आली होती की. हे खोटं कसं म्हणायचं?

सोमवारी सकाळी ती आपल्या टेबलाकडे न जाता थेट रेकॉर्डिंगच्या खोलीत गेली. भिंतींना करडा फोम लावलेला, दाराला रबराची पट्टी, कोपऱ्यात दिव्यांचे स्टँड आणि खुर्चीवर कॅमेराकाका. बारा जणींचे सगळे पाठ यांनीच टिपलेले.

"आकडेताई आज आमच्या गुहेत? वाट चुकलात काय?"

"काका, गाणंबाईंचा पहिला पाठ लावा ना. मूळ फाईल."

काकांनी भुवई उचलली, पण लावला. बारकीने हेडफोन चढवला आणि मांडीवरच्या लॅपटॉपवर उतरलेला मजकूर उघडला.

पडद्यावर मावशी उभी होती. पांढरी साडी, केस घट्ट बांधलेले, मागे बेसिन. "या गं बायांनो," ती म्हणाली. मजकुरात होतं: 'या गं बायांनो.' बरोबर. मग मावशीने बाहुली हातात घेतली, एक श्वास घेतला आणि गाऊ लागली:

दूध ओढेना बाळ, रडणंही झालं बारीक,
छाती आत ओढतेय, श्वास चाललाय भरभर,
अंग गार पडलं नाहीतर तव्यासारखं तापलं,
झटका आला एक तरी, बाई, दवाखाना धर!

एकदा मावशीने म्हटलं, मग वर्गाने, मग परत मावशीने, मग अर्ध्या वर्गाने प्रश्न आणि अर्ध्याने उत्तर. सहा मिनिटं. त्यात 'झटका' चौदा वेळा, 'श्वास' सतरा वेळा. बारकीने बोटांवर मोजले.

मजकुरात त्या सहा मिनिटांच्या जागी काहीच नव्हतं.

तिला एका क्षणात कळलं. यंत्रात आधी एक चाळणी होती. गाणं-बजावणं बाजूला काढायचं आणि बोलणं पुढे पाठवायचं. मावशीचा सूर इतका पक्का की चाळणीने त्याला संगीत समजून बाजूला टाकलं होतं. तिथे 'संगीत' अशी कंसातली खूण पडली होती, आणि अशा सगळ्या कंसातल्या खुणा मोजणीआधी पुसून टाकायची सूचना कुणी दिली होती? आकडेताईंनीच. तक्ता स्वच्छ दिसावा म्हणून.

"पुढे जाऊ का?" काकांनी विचारलं.

"थांबा. सगळं ऐकायचंय."

गाणं संपलं. मावशी म्हणाली, "आता हात. मी बोलणार नाही, तुम्ही धुवायचे. मनातल्या मनात चाल म्हणा, दोनदा. चाल संपेपर्यंत नळाखालून हात निघता कामा नये." आणि ती गप्प झाली. बायका हात धुवत होत्या. नळाचं पाणी बेसिनवर पडत होतं. चाळीस सेकंद. मावशी मागे हात बांधून ओळीतून फिरत होती. एकीच्या अंगठ्याला तिने नुसता स्पर्श केला, तशी त्या बाईने अंगठा पुन्हा चोळला.

बारकीने मजकुराकडे पाहिलं.

'व्हिडिओ आवडल्यास लाईक करा. माझ्या चॅनलला सबस्क्राईब करा. माझ्या चॅनलला सबस्क्राईब करा. माझ्या चॅनलला सबस्क्राईब करा.' नऊ वेळा, एकाखाली एक.

"काका," लॅपटॉप त्यांच्याकडे वळवत ती म्हणाली, "या चाळीस सेकंदांत बाई काही बोलल्या होत्या?"

"छे! मीच तर उभा होतो. त्या वेळी खोकायचीही चोरी. एकदा माझा फोन वाजला तर असं बघितलं माझ्याकडे की मी तो फोन दोन दिवस बंद ठेवला." काका वाकून पडद्याकडे पाहू लागले. "हे काय? कुणाचं चॅनल? बाईंना तर फोनवर फोटो पाठवता येत नाही. परवा-परवापर्यंत मीच पाठवून देत होतो."

कुणाचंच चॅनल नव्हतं. असली यंत्रं लाखो व्हिडिओ आणि त्यांच्याखाली लिहिलेला मजकूर पाहून शिकलेली असतात, आणि त्या व्हिडिओंच्या शेवटी, बोलणं संपून नुसता आवाज उरला की, जगातला जो तो हेच सांगत असतो. म्हणून नळाचं पाणी ऐकून यंत्राला तेच आठवलं. पाणी म्हणजे गाणं नव्हे, त्यामुळे चाळणीने ते अडवलं नव्हतं. ऐकू काही आलं नाही तर गप्प बसावं, हे त्याला कुणी शिकवलेलं नव्हतं. वर त्या नऊ ओळींपुढे आपण बरोबर ऐकलं याच्या खात्रीचा यंत्राने दिलेला आकडा चांगला भरभक्कम. मावशीच्या खऱ्याखुऱ्या वाक्यांपेक्षाही जास्त.

एकेचाळीस पाठ. प्रत्येक पाठात हात धुणं आधी आणि नंतर. मावशीच्या मजकुरात सर्वांत जास्त आलेला कीवर्ड 'सबस्क्राईब', दुसरा 'चॅनल'. 'झटका' तळाला, शून्य. तक्ता करताना बारकीने ती ओळ पाहिली होती. पाहून ती हसलीही होती. मावशी काय काय नवं शिकतेय, असं तिच्या मनात आलं होतं. ऐकावंसं मात्र वाटलं नव्हतं.

"कळतंय का," काका हळूच म्हणाले, "मला वाटायचं बाई स्वतःच यायच्या थांबल्या. तब्येत बरी नसेल."

बारकीने हेडफोन काढून मांडीवर ठेवला. त्यातून मावशीचा बारीक आवाज अजून येत होता.

टेबलावर आल्यावर तिने पहिल्यांदा जे लिहिलं ते हे: 'काही व्हिडिओंच्या मजकुरात तांत्रिक त्रुटी आढळल्याने सुधारित तक्ता सोबत जोडला आहे.' वाक्य गुळगुळीत होतं. कुणाचंही नाव त्यात नव्हतं, यंत्राचंसुद्धा नव्हतं. चाळणी काढायची, शांत जागांमधला मजकूर वगळायचा, गाणी हाताने उतरवायची, आठवडाभरात मावशी परत यादीत. पहिल्या पानावरचं ते वाक्य कुणी पुन्हा वाचणारही नाही. बोट बटणावर होतं.

मग तिला ॲपच्या शोधांची नोंद आठवली. ती तिच्याकडेच असायची. तिने दोन महिन्यांपूर्वीच्या आणि नंतरच्या ओळी काढल्या. आधी 'झटके' शोधणाऱ्या सेविका मावशीचा पाठ उघडत आणि शेवटपर्यंत पाहत. तेव्हा यादी शीर्षकांवर चालायची, आणि मावशीच्या पाठाचं नाव काकांनी सरळ 'बाळाला झटके आले तर' असं ठेवलेलं होतं. नंतर अठ्ठावन्न वेळा 'झटके' शोधलं गेलं होतं. वर येत होतं एका डॉक्टरांचं तासाभराचं व्याख्यान. त्यात तो शब्द एकतीस वेळा होता, पण मुद्दा सत्तेचाळिसाव्या मिनिटाला. अठ्ठावन्नपैकी पन्नास जणींनी ते दोन मिनिटांच्या आत बंद केलं होतं.

पन्नास जणी. कुणाच्या मांडीवर बाळ होतं, कुणी नुसती उजळणी करत होती, कुणी मग दवाखाना गाठला, कुणी थांबली, हे नोंदीत नव्हतं. ते बारकीला कधीच कळणार नव्हतं. काही वाईट झालं असतं तर निदान त्याचं नाव घेऊन रडता आलं असतं. आता नुसता आकडा. आणि आकड्यांवर तिचा आजवर केवढा जीव!

तिने ते गुळगुळीत वाक्य पुसलं आणि मोठ्या मॅडमच्या दारावर टकटक केलं.

मोठ्या मॅडम संस्थेच्या प्रमुख. माणूस कडक, पण अन्यायी नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. हेडफोन लावून चाळीस सेकंद नळाचं पाणी ऐकलं, समोरच्या नऊ ओळी वाचल्या, आणि कपाळाला हात लावला.

"यंत्राचं मी समजू शकते," त्या म्हणाल्या. "पण तू इथे लिहिलंयस, प्रत्येकीचे तीन ऐकले. मी त्या वाक्यावर सही केली. हे ऐकल्यावर कुणीही तो तक्ता मान्य केला नसता. मग तू ऐकलं काय?"

"बाईंचं नाही ऐकलं."

"का?"

"त्या माझी मावशी आहेत. पक्षपात नको म्हणून."

मॅडमनी हेडफोन टेबलावर ठेवला. "वा! पक्षपात नको म्हणून अन्याय केलास होय? अगं, मला सांगितलं असतंस तर मी ऐकले असते. मला काय कान नाहीत?"

त्यांनी अहवालाची प्रत पुढ्यात ओढली.

"अहवाल मागे घ्यायचा," मॅडम म्हणाल्या. "सगळा. बाराही जणींचा. आणखी कुणाच्या शांततेत कुणाचं चॅनल घुसलंय, देव जाणे. बाईंना दिलगिरीचं पत्र मी लिहीन, कारण आधीचं माझ्या सहीचं होतं. पण त्यांना सांगायचं तू. पत्र पोचायच्या आधी. आणि मागे घेण्याचं कारण म्हणून तू आत्ता मला जे सांगितलंस ते लिहायचं. 'तांत्रिक त्रुटी' असलं काही चालणार नाही."

बारकी मान खाली घालून उभी होती. ती पुसलेली ओळ मॅडमना कशी कळली, याचं तिला आश्चर्य वाटलं. पण मॅडमनी असे पुष्कळ अहवाल पाहिले होते.

संध्याकाळी ती मावशीकडे गेली. मावशी गच्चीवर वाळत घातलेले कपडे काढत होती. बारकीने दोरीच्या दुसऱ्या टोकाने चादर धरली, जशी लहानपणी धरायची, आणि घड्या घालता घालता सगळं सांगितलं. पत्र वाचल्याचं, सहाव्या पानाचं, चाळणीचं, नळाच्या पाण्याचं. मावशी ऐकत होती. घडी नीट जुळवत होती.

"म्हणजे ते सबस्क्राईब का काय, ते मी म्हटलं नव्हतं?"

"तू काहीच म्हटलं नव्हतंस. तू गप्प होतीस."

"हुश्श!" मावशी चादर छातीशी धरून खरोखर हसली. "अगं, मी दोन महिने विचार करतेय, बोलले असेन का मी असं? झोपेत? दवाखान्यातली माझी मैत्रीण शेवटी शेवटी भलतंच बोलायची, आठवतं? मला वाटलं, लागली आपलीही घरघर. म्हणून तर एकेक शब्द जपून बोलत होते."

बारकीला वाटलं होतं मावशी रागावेल. हे ऐकण्यापेक्षा ते परवडलं असतं.

"मग विचारलं का नाहीस मला? मी तिथंच होते ना!"

मावशीचं हसू मावळलं. तिने चादर कठड्यावर ठेवली.

"विचारणार होते. पण पत्राबरोबर तुझा तो अहवालही होता. त्यात पहिल्याच पानावर लिहिलेलं, प्रत्येकीचे तीन पाठ प्रत्यक्ष ऐकून पडताळले. खाली तुझी सही. मला वाटलं, बारकीने ऐकलंय. तिच्या कानाला खटकलंय, आणि मावशीला तोंडावर कसं सांगायचं म्हणून पोर गप्प राहिलीय." तिने दोरीवरचा एक चिमटा काढला. "यंत्राचं मला काय गं! यंत्र काय, आज हे म्हणेल, उद्या ते. पण तू ऐकून म्हणतेयस म्हटल्यावर... म्हणून मी गाणं सोडलं."

खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं, तिची पीं-पीं ऐकू येत राहिली.

"मी ऐकलं नव्हतं, मावशी," बारकी म्हणाली. हे वाक्य तिने मॅडमना सकाळी सांगितलं होतं, तेव्हा ते कबुलीजबाबासारखं निघालं होतं. आता तेवढं पुरेसं नव्हतं. "खोटं लिहिलं मी. एकही पाठ ऐकला नाही. मला वाटलं, तुझे काय ऐकायचे, ते तर मला तोंडपाठ आहेत."

"हं." मावशीने तिच्या डोक्यावर हात ठेवला नाही, की मान फिरवली नाही. चिमटे एकेक करून डब्यात टाकले. "परक्या अकरा जणींना तीन-तीन पाठांचं लक्ष दिलंस. मला एकाचंही नाही. हेच लागलं गं मला, बाकी काही नाही." मग थोड्या वेळाने, "चल, चहा टाकते. रडायचं असेल तर आत रड. इथे शेजारीण बघतेय."

बारकी रडली नाही. तेवढाही हक्क आपला नाही असं तिला वाटलं.

पुढचे तीन आठवडे ती करड्या फोमच्या खोलीत बसून होती. साडेतीनशे व्हिडिओ, बारा शिक्षिका. चाळणी काढून टाकली तेव्हा यंत्र मावशीच्या गाण्यातले शब्द उतरवू लागलं खरं, पण ताणलेल्या स्वरांत वेडंवाकडं. म्हणून गाणी तिने हाताने लिहिली. जिथे कुणी बोलत नव्हतं त्या जागा आवाजाच्या आलेखावरून शोधून, ऐकून, त्यांतला मजकूर खोडला. आणखी चौघींच्या पाठांत तोच 'चॅनल' सापडला, थोडाथोडा. त्यांचे तीन-तीन पाठ बारकीने ऐकले होते, पण नेमके ते नव्हते. काका रोज विचारायचे, "आकडेताई, आज किती सबस्क्राईब मारले?" आणि ती सांगायची, एकवीस, चौतीस. ती हसायची नाही, काकांनाही ते ठाऊक होतं. पण ते विचारायचे.

मावशीचे एकेचाळीस तिने शेवटी ठेवले नाहीत, आणि पहिलेही घेतले नाहीत. ओळीत आले तेव्हा ऐकले. सगळे. पहिल्यापासून शेवटपर्यंत. सव्विसाव्या पाठात मावशी मध्येच म्हणते, "ही चाल मी माझ्या भाचीला झोपवायला लावली होती, नंतर त्यात लक्षणं भरली." कीवर्डांच्या दृष्टीने वाक्य काहीच कामाचं नव्हतं. बारकीने ते दोनदा ऐकलं, शब्दन् शब्द लिहून घेतलं, आणि पुढच्या पाठाकडे वळली.

नव्या तक्त्यात 'झटका' मावशीच्या ओळीत सर्वांत वर आला. पाठ यादीत परतले. मोठ्या मॅडमचं पत्र गेलं. पण वर्ग पुन्हा सुरू व्हायचा तर मावशीने हो म्हणायला हवं होतं, आणि मावशी म्हणत होती, "येईन, पण गाणार नाही. आता सूर लागत नाही गं. बोलून शिकवते, तेही चालतं की." तिचा सुटा सुटा आवाज सुटला नव्हता. दोन महिन्यांत लागलेली सवय, ती कुठल्या बटणाने पुसणार?

वर्गाच्या दिवशी बारकी मागच्या बाकावर वही घेऊन बसली. काकांनी कॅमेरा लावला. समोर वीस बायका, बेसिनं ओळीने, मावशी पांढऱ्या साडीत. "या गं बायांनो," ती म्हणाली, आणि बाहुली हातात घेऊन सुरू झाली: "बाळ. दूध. ओढत. नसल्यास."

बायका लिहून घेऊ लागल्या. खाली माना, नुसता पेनांचा आवाज. कुणी वर पाहत नव्हतं. मावशी थांबली. तिने एकीच्या वहीत डोकावलं.

"लिहिता काय गं? बाळ मांडीवर असताना वही कोण उघडणार?"

पहिल्या ओळीतली एक जुनी सेविका म्हणाली, "बाई, मग ते पूर्वीचं म्हणा ना. ॲपवर मध्ये दिसेनासं झालं होतं, पण मला येतं." आणि तिने भसाड्या आवाजात, चाल पार बिघडवून, सुरुवात केली, "दूध ओढेना बाळ..."

मावशीने कानावर हात ठेवले. "अगं थांब! असं नाही. तिथे वर जायचं." आणि वर कसं जायचं ते दाखवायला तिने तोंड उघडलं.

आवाज आधी चिरकला. दुसऱ्या ओळीला थोडा बसला. तिसऱ्या ओळीला ती मागच्या बाकाकडे एकदा पाहून गेली. माफ केलंय असं त्या नजरेत नव्हतं, नव्हतं असंही नव्हतं. ऐकतेयस ना, एवढंच होतं.

बारकी ऐकत होती. ती शब्द लिहीत होती, हाताने, वर जाणाऱ्या ठिकाणी वर जाणारी रेघ काढून.

गाणं संपलं. "आता हात," मावशी म्हणाली, आणि गप्प झाली. वीस नळ सुटले. बारकीने घड्याळाकडे पाहिलं, आणि पाणी थांबेपर्यंत पेन उचललं नाही. मग तिने लिहिलं: 'चाळीस सेकंद. बाई काही बोलल्या नाहीत.'